पाच लाख पन्नास हजारच का?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत पोलीस उपनिरीक्षक पदापुढे वेतनश्रेणी छापलेली असते: एस-14, 38,600 ते 1,22,800 रुपये. निवड झाली तर मूळ वेतन 38,600 पासून सुरू होणार आणि वरच्या आकड्यापर्यंत पोहोचायला वर्षानुवर्षांच्या वेतनवाढी लागणार, हे अर्ज करणाऱ्याला माहीत असतं. खासगी कंपनीच्या जाहिरातीत मात्र बहुतेक वेळा 'पगार अनुभवानुसार' एवढंच असतं. जिथे आकडे असतात, तिथे त्यांचा अर्थ निराळा असतो. 'पाच ते साडेसहा लाख' म्हणजे आज रुजू होणाऱ्या माणसाला यातला कुठलाही आकडा मिळू शकतो. मग मला नेमका कुठला, आणि का? हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2021 पासून जाहिरातीत पगाराची रेंज सक्तीची केली. न्यूयॉर्क शहरात हा नियम नोव्हेंबर 2022 मध्ये आला. दोन्हीकडची अट अशी, की मालक खरोखर जेवढा पगार द्यायला तयार आहे तेवढाच आकडा लिहायचा. युरोपीय संघाचा 2023 चा निर्देश आणखी पुढे जातो. सदस्य देशांना 7 जून 2026 पर्यंतची मुदत देणाऱ्या या निर्देशानुसार उमेदवाराला पगार आधीच कळला पाहिजे आणि त्याचा जुना पगार विचारायचा नाही. भारतात खासगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही. तरी ज्यांना हे मनापासून करायचं आहे, त्यांचं काम जाहिरात लिहिण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

समजा, चाकणच्या एका वाहनभागांच्या कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. या कामाचा मध्यम दर बाजारात वर्षाला 6 लाखांच्या आसपास आहे, असं चौकशीतून दिसलं. त्याच्या खाली-वर वीस टक्के धरून कंपनीने या पदाची पूर्ण रेंज 4,80,000 ते 7,20,000 ठरवली. जाहिरातीत मात्र 4,80,000 ते 6,40,000 लिहिलं. वरचा भाग आत येऊन अनुभवाने वाढणाऱ्यांसाठी राखला. नवा माणूस पहिल्याच दिवशी टोकावर बसला, तर पुढच्या वर्षी त्याला द्यायला काही उरत नाही.

पुढची पायरी बहुतेक कंपन्या गाळतात आणि तिथेच घोळ होतो. याच पदावर आधीपासून तिघं काम करत होते. सात वर्षांच्या अनुभवाचा एक 5,90,000 वर होता, पाच वर्षांचा दुसरा 5,60,000 वर. तिसरी इंजिनिअर शिकाऊ म्हणून आली, पाच वर्षं इथेच राहिली आणि दरवर्षी थोडी थोडी वाढ मिळत 4,60,000 पर्यंत पोहोचली. जाहिरात लागताच तिला दिसणार, की उद्या येणाऱ्या अगदी नवख्या माणसाचाही पगार तिच्यापेक्षा वीस हजारांनी जास्त आहे. म्हणून आधी तिचा पगार दुरुस्त करायचा आणि मगच जाहिरात द्यायची. तिचं काम दुसऱ्याच्या बरोबरीचं असेल, तर तिला नुसतं 4,80,000 वर आणून भागणार नाही. ती दुसऱ्याच्या जवळ यायला हवी, म्हणजे कंपनीला वर्षाला लाखभर रुपये जास्त लागतील. हा खर्च टाळायचा म्हणून जी कंपनी जाहिरातीतला आकडा लपवते, ती त्या इंजिनिअरच्या न कळण्यावर पैसे वाचवत असते.

मग रेंजचे तीन भाग पाडायचे आणि कुठल्या भागात कोण बसेल हे मुलाखतींच्या आधीच कागदावर लिहायचं. इथे 5,30,000 पर्यंतचा भाग पहिले काही महिने मार्गदर्शन लागणाऱ्यासाठी. 5,90,000 पर्यंतचा भाग मोजमापाच्या सीएमएम यंत्राचे प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्या आणि ग्राहक कंपनीच्या मंजुरीची पीपीएपी कागदपत्रं एकट्याने तयार करणाऱ्यासाठी. त्यावरचा भाग ग्राहकाचं ऑडिट स्वतः सांभाळलेल्या आणि कनिष्ठांना शिकवणाऱ्यासाठी. मुलाखत झाल्यावर असे निकष लिहायला बसलं, की आवडलेल्या उमेदवाराच्या मापानेच ते लिहिले जातात.

आता एक उमेदवार येतो. चार वर्षांचा अनुभव, सध्याचा पगार 4,20,000. नेहमीच्या पद्धतीने एचआर त्याची पगाराची स्लिप मागेल, वीस टक्के हाइक लावेल आणि 5,04,000 ची ऑफर देईल. पण प्रात्यक्षिकात त्याने सीएमएमचा प्रोग्रॅम स्वतः लिहून दाखवला, पीपीएपीची कामंही त्याने एकट्याने केली आहेत. ऑडिट मात्र सांभाळलेलं नाही. म्हणजे तो मधल्या भागात बसतो. त्याच कामाच्या सहकाऱ्याला पाच वर्षांच्या अनुभवावर 5,60,000 मिळतात, म्हणून याला 5,50,000. जुन्या कंपनीने कमी पगार दिला, ही काही त्याच्या कामाची मोजणी नव्हे. स्लिपवरून ऑफर काढली असती, तर ती उणीव नव्या नोकरीतही त्याच्या मागे आली असती.

ऑफरच्या पत्रात हे चार-पाच वाक्यांत लिहिता येतं. 'या पदासाठी आम्ही 4,80,000 ते 6,40,000 जाहीर केले होते. तुम्ही मुख्य कामं स्वतंत्रपणे करता, म्हणून तुम्ही मधल्या भागात आहात. ग्राहकाचं ऑडिट तुम्ही अजून सांभाळलेलं नाही, म्हणून वरच्या भागात नाही. याच पदावरच्या सहकाऱ्यांचे पगार पाहून 5,50,000 ठरवले आहेत. बारा महिन्यांत एक ऑडिट तुमच्याकडे सोपवू आणि त्यानंतर पगाराचा फेरविचार करू.' सहकाऱ्याचं नाव किंवा त्याचा आकडा सांगायची गरज नाही. 'आमचं बजेट एवढंच आहे' यापेक्षा हे उत्तर फार वेगळं आहे, कारण उमेदवार यातलं प्रत्येक वाक्य तपासू शकतो. ऑडिट केलं असेल, तर तो पुरावा पुढे ठेवू शकतो.

पत्रात आणि जाहिरातीत आकडा एकाच प्रकारचा हवा. वरचे 5,50,000 हे स्थिर पगाराचे आहेत, म्हणजे महिन्याला 45,833. त्यातला निम्मा मूळ वेतन धरला आणि पूर्ण मूळ वेतनावर 12 टक्के पीएफ कापला, तर 2,750 जातात. व्यवसाय कराचे 200 वजा केले, की हातात सुमारे 42,900 पडतात. आता मालकाचा पीएफमधला वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद यांत मिळवली, तर हीच नोकरी सीटीसीत सुमारे 5,96,000 ची होते. एक कंपनी 'साडेपाच लाख स्थिर' लिहिते आणि दुसरी 'सहा लाख सीटीसी', तेव्हा उमेदवार दुसरीकडे धावतो, आणि पहिल्या महिन्याच्या खात्यावर तेवढेच पैसे जमा होतात. शिवाय कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम सीटीसीत मिसळली असेल, तर तुलना आणखी फसवी होते. म्हणून स्थिर रक्कम वेगळी लिहावी आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस यांची वेगळी ओळ द्यावी.

रेंज किती रुंद असावी यालाही मर्यादा आहे. '4 ते 12 लाख' लिहिणाऱ्याने एक तर दोन वेगळी पदं एका जाहिरातीत कोंबलेली असतात किंवा काहीच ठरवलेलं नसतं. कनिष्ठ आणि वरिष्ठ दोन्ही चालणार असतील, तर दोन जाहिराती द्याव्यात.

सध्या 6,00,000 मिळवणारा दुसरा उमेदवार आला आणि त्याचं कौशल्य पहिल्याइतकंच निघालं, तर त्यालाही 5,50,000 च द्यावे लागतात. तो बहुधा नाही म्हणेल. त्याच्यापुरता आकडा वाढवला, तर आतल्या तिघांना द्यायला कंपनीकडे कारण उरत नाही. मात्र याच कारणाने एकामागून एक चांगले उमेदवार नकार देत असतील, तर 6 लाखांचा मध्य जुना झाला असं समजावं. अशा वेळी पूर्ण रेंज वर सरकवायची आणि आधीच कामावर असलेल्यांचे पगारही त्याच महिन्यात तपासायचे.