शब्द निम्मे, गणित तेवढेच
गणिताची भाषा : लेखांक सातवा

मागच्या लेखात आपण शाब्दिक उदाहरण समीकरणात कसे मांडायचे ते पाहिले. त्यासाठी निवडलेली उदाहरणे मुद्दाम छोटी होती. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावसंचात मात्र आठ-आठ ओळींची उदाहरणे येतात. ती फळ्यावर लिहायला वेळ पुरत नाही आणि सावकाश वाचणारे मूल शेवटच्या ओळीपर्यंत पोचते तेव्हा पहिली ओळ विसरलेले असते. म्हणून शिक्षक आणि पालक अशी उदाहरणे आपल्या परीने छोटी करून देतात. हे काम दिसते सोपे, पण त्यात बेमालूम चुका होतात. उदाहरण वाचायला सोपे होते, फक्त ते मूळचे उदाहरण उरत नाही. आज एकच उदाहरण घेऊन ते नीट छोटे करू.

उदाहरण असे आहे :

निफाडजवळच्या एका गावात राहणाऱ्या सुमनताई गेली 12 वर्षे टोमॅटोची शेती करतात. यंदा पाऊस वेळेवर झाल्यामुळे पीक चांगले आले होते. एका सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या मदतीने टोमॅटो तोडून 60 क्रेट भरले. प्रत्येक क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो बसले. सगळे क्रेट टेम्पोत रचून बाजार समितीकडे नेताना रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे माल दबला आणि एकूण मालाच्या 10 टक्के टोमॅटो खराब झाले, ते फेकून द्यावे लागले. उरलेल्या मालापैकी दोन-तृतीयांश माल एका व्यापाऱ्याने 15 रुपये किलो दराने लगेच घेतला. दुपारी भाव उतरल्यामुळे राहिलेला सगळा माल 12 रुपये किलो दराने विकावा लागला. टेम्पोचे भाडे 900 रुपये झाले आणि भरलेल्या प्रत्येक क्रेटमागे 5 रुपये हमाली द्यावी लागली. तर भाडे आणि हमाली वजा जाता सुमनताईंच्या हाती किती रुपये आले?

एकूण 108 शब्द. यातला एकही शब्द खोडण्याआधी शेवटचा प्रश्न वेगळ्या कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. छोटे करण्याच्या भरात सर्वात आधी प्रश्नालाच धक्का लागतो. ‘भाडे आणि हमाली वजा जाता हाती किती रुपये आले’ हे लांबलचक वाटते आणि त्याजागी ‘नफा किती झाला’ असे पटकन लिहिले जाते. पण रोपे, खत, औषधे, मजुरी यांचा खर्च या उदाहरणात दिलेलाच नाही, त्यामुळे नफा काढताच येत नाही. हाती आलेली रक्कम तेवढी काढता येते. प्रश्नातला एक शब्द बदलल्याने सुटणारे उदाहरण न सुटणारे झाले असते.

प्रश्नाखाली दिलेल्या राशींची यादी करावी. यादीत नुसता आकडा लिहून भागत नाही. तो कशाचा आहे आणि कशाच्या मानाने आहे, हेही लिहावे लागते. आपल्या उदाहरणात नऊ राशी आहेत : शेतीची 12 वर्षे, 60 क्रेट, प्रत्येक क्रेटमध्ये 20 किलो, एकूण मालाच्या 10 टक्के खराब, उरलेल्याच्या दोन-तृतीयांश, त्याचा दर किलोला 15 रुपये, राहिलेल्याचा दर किलोला 12 रुपये, भाडे एकूण 900 रुपये, हमाली भरलेल्या प्रत्येक क्रेटमागे 5 रुपये. दोन-तृतीयांश ही रास अक्षरांत लिहिलेली आहे. पानावरचे आकडेच तेवढे टिपत गेलो तर ती निसटते. शिवाय 12 हा आकडा दोनदा आला आहे, एकदा वर्षांसाठी आणि एकदा दरासाठी. नुसत्या आकड्यांवर खुणा करणारा माणूस एका 12 वर खूण करून दोन्ही झाले असे समजू शकतो.

आता खोडायला घेऊ. गावाचे ठिकाण, पाऊस, पिकाची स्थिती, सकाळ आणि दुपार, घरच्यांची मदत, खड्डे, व्यापारी, भाव उतरणे, यांपैकी कशालाही रास चिकटलेली नाही आणि कुठली अटही त्यांच्यावर टेकलेली नाही. हे सगळे जाऊ शकते. दोन वाक्ये एकत्र आणता येतात, क्रियापदे आटोपशीर करता येतात. उरते ते असे :

12 वर्षे टोमॅटो पिकवणाऱ्या सुमनताईंनी प्रत्येकी 20 किलोचे 60 क्रेट भरून बाजारात नेले. एकूण मालापैकी 10 टक्के खराब होऊन फेकावा लागला. उरलेल्यापैकी दोन-तृतीयांश माल 15 रुपये किलोने व राहिलेला सगळा 12 रुपये किलोने विकला. टेम्पोभाडे 900 रुपये, हमाली भरलेल्या प्रत्येक क्रेटमागे 5 रुपये झाली. भाडे आणि हमाली वजा जाता त्यांच्या हाती किती रुपये आले?

हे 54 शब्द झाले, बरोबर निम्मे. उत्तर काढून पाहू. एकूण माल 1200 किलो. त्यातला 120 किलो गेला, 1080 किलो उरला. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे 720 किलो, त्याचे 10,800 रुपये. राहिलेल्या 360 किलोचे 4,320 रुपये. विक्री 15,120 रुपये. भाडे 900 आणि हमाली 300 मिळून खर्च 1,200 रुपये. हाती आले 13,920 रुपये.

आणखी चार-पाच शब्द सहज कमी करता आले असते, पण तिथेच खरा धोका आहे. ‘उरलेल्यापैकी’ हा शब्द पाहा. त्याला स्वतःचा आकडा नाही, म्हणून तो भरतीचा वाटतो. तो काढून ‘दोन-तृतीयांश माल 15 रुपये किलोने विकला’ असे लिहिले, तर वाचणारा 1200 किलोचे दोन-तृतीयांश, म्हणजे 800 किलो धरेल. त्याचे 12,000 रुपये, राहिलेल्या 280 किलोचे 3,360 रुपये. खर्च वजा जाता उत्तर येईल 14,160 रुपये. फरक फक्त 240 रुपयांचा आहे. उत्तर अव्वाच्या सव्वा आले असते तर कुणी तरी थांबून पाहिले असते. इतके जवळचे उत्तर पाहून कुणालाही शंका येत नाही.

‘प्रत्येक क्रेटमागे’ गाळून ‘हमाली 5 रुपये’ असे लिहिले तर हमाली 300 ऐवजी 5 रुपयांवर येते. ‘भरलेल्या’ गाळले तर दहा टक्के माल गेला म्हणून काही मुले 60 ऐवजी 54 क्रेट धरतील आणि हमाली 270 रुपये काढतील. त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण कोणते क्रेट मोजायचे हे आपणच पुसून टाकलेले असेल. ‘फेकावा लागला’ हेही असेच. ते नसेल तर खराब झालेला माल राहिलेल्या मालासोबत 12 रुपयांनी विकला की नाही, हा प्रश्न उघडा राहतो. आकड्यांइतकीच राखण या शब्दांची करावी लागते : उरलेल्या, राहिलेला सगळा, एकूण, प्रत्येकी, मागे, पेक्षा, पट, फरक.

आता पहिल्या ओळीतल्या 12 वर्षांबद्दल. उत्तर काढताना ती कुठेच वापरलेली नाहीत. मग ती ठेवली कशाला? कारण नको असलेली रास ओळखून बाजूला ठेवणे हाही उदाहरणाचाच एक भाग असतो. परीक्षक अशी रास अनेकदा मुद्दाम घालतात. छोटे करणाऱ्याने ती काढून टाकली, तर मुलाने करायची निवड त्याने आधीच करून दिली. उदाहरण छोटे झाले तसेच सोपेही झाले. आपण फक्त छोटे करायला बसलो आहोत. म्हणून पहिल्या वाक्यातले ठिकाण गेले आणि 12 वर्षे तेवढी राहिली. एखादी अनावश्यक रास काढून मुलाला खरोखरच सोपे उदाहरण द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण ते वेगळे उदाहरण आहे हे मनाशी पक्के ठेवून.

उलट बाजूने, सजावट समजून खोडलेल्या ओळीतही रास दडलेली असू शकते. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भुंग्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. थव्यातले एक-पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक-तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर गेले, या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर गेले, आणि एकच भुंगा केतकी व मालतीच्या सुगंधाने भुलून अधांतरी भिरभिरत राहिला. तर भुंगे किती? उत्तर 15 : तीन, पाच, सहा आणि एक. या उदाहरणातला सर्वात काव्यमय भाग शेवटचा, त्या एकट्या भुंग्याचा. घाईने कात्री लावणाऱ्याचा हात नेमका तिथेच जातो. पण तो भुंगा गेला की उरतात फक्त पंधरापैकी चौदा भाग, आणि मग 15, 30, 45 अशी पंधराच्या पटीतली कुठलीही संख्या चालते. फुलांची नावे गेली तरी गणित अबाधित राहते. तो एक भुंगा आणि ‘या दोन संख्यांमधला फरक’ हे शब्द मात्र राहायलाच हवेत.

शेवटचे काम पडताळणीचे. मूळ आणि छोटे, दोन्ही उदाहरणे सोडवून उत्तर सारखे येते का ते पाहावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. 12 वर्षे गळाली असती तरी उत्तर 13,920 च आले असते. त्यामुळे आधी केलेली नऊ राशींची यादी समोर घेऊन, प्रत्येक रास तिच्या शब्दांसकट छोट्या उदाहरणात शोधावी आणि सापडली की खूण करावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे छोटे उदाहरण मूळ न वाचलेल्या दुसऱ्या शिक्षकाला द्यावे आणि राशींची यादी त्यांना करायला सांगावी. त्यांच्या यादीत ‘हमाली 5 रुपये, कशामागे?’ असे प्रश्नचिन्ह आले, तर काय गळाले ते लगेच कळते. ज्याने मूळ वाचलेले असते, त्याच्या डोळ्यांना गळालेला शब्दही जागेवर असल्यासारखा दिसतो, म्हणून स्वतःचे स्वतः तपासणे पुरेसे पडत नाही.

शब्द किती कमी झाले याची चढाओढ करू नये. कुठे निम्मे होतील, कुठे पाचच शब्द निघतील. मूळ उदाहरण आधीच घट्ट विणलेले असेल तर त्याला हात न लावणे हेच बरे. या आठवड्यात आपल्या मुलाच्या सरावसंचातले सर्वात लांब उदाहरण निवडा, आधी प्रश्न आणि राशींची यादी लिहा, आणि मगच खोडायला घ्या. पुढच्या लेखात ‘पट’ आणि ‘पटीने जास्त’ यांत मुले कुठे अडखळतात ते पाहू.