पिशवीवर नाव काय छापायचं?

इडली-डोशाचं तयार पीठ शहरात विकायला काढलेले आणि काढू पाहणारे बरेच गट आता आहेत. तांदूळ-डाळीचं प्रमाण, भिजवणं, वाटणं, आंबवणं हे सगळं बायकांच्या हातात बसलेलं असतं. गाडी अडते ती पिशवीवर नाव काय छापायचं इथे. बैठकीत पाच मिनिटांत काहीतरी ठरतं, हजार पिशव्या छापून येतात, आणि मग कळतं की ते नाव आधीच दुसऱ्याचं आहे किंवा कायद्यात बसत नाही. छपाईचे पैसे तर जातातच, पण जोडलेली गिऱ्हाइकंही तुटतात, कारण ती नावावरूनच पिशवी ओळखत असतात. म्हणून नाव कसं ठरवायचं ते आज नीट पाहू.

समजा, मुळशी तालुक्यातला एक गट हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये एक किलोच्या पिशव्या विकणार आहे. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे नवराबायको दोघं नोकरीला, सकाळी साडेसातला मुलांची बस आणि त्याआधी तीन डबे भरायचे असं घर. ही बाई पीठ विकत घेते ती चवीसाठी घेतेच, पण त्याहून जास्त सकाळचा वेळ वाचावा म्हणून. शिवाय सोसायटीत मराठी, हिंदी, तेलुगू, तमिळ अशी सगळी कुटुंबं आहेत. ती व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात, आणि तिथे बहुतेक जण नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात. हे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून गटाने बैठकीत नावं सुचवली: अन्नपूर्णा, घरगुती फ्रेश, उडुपी स्पेशल, मऊ इडली, साडेसात आणि भूपाळी. एकेक तपासू.

अन्नपूर्णा हे नाव आपल्या सगळ्यांच्या आवडीचं, आणि अडचण तीच आहे. खाणावळींपासून मसाल्यांपर्यंत ते हजार ठिकाणी आहे. या नावाचं पीठ आणि मीठ मोठ्या कंपनीने वर्षानुवर्षं देशभर विकलेलं आहे. आपली पिशवी पाहून गिऱ्हाइकाचा त्या कंपनीचा माल म्हणून गोंधळ होऊ शकतो, आणि कायदा नेमका हाच गोंधळ टाळायला सांगतो. देवादिकांच्या आणि माऊली, साई अशा नावांचंही बहुधा हेच होतं.

घरगुती फ्रेश या नावाची अडचण वेगळी आहे. खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे 2018 चे नियम आहेत. ग्राहकाची चुकीची समजूत होईल असे ‘घरी बनवलेलं’ या अर्थाचे शब्द वापरू नयेत, असं ते सांगतात. आपण घरच्यासारखंच करतो हे खरं असलं, तरी विक्रीचा माल मोठ्या ग्राइंडरवर वाटून पॅक केलेला असतो. ‘फ्रेश’ हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं याच्यापलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थासाठी आहे. आपलं पीठ तर वाटून आंबवलेलं असतं. शुद्ध, अस्सल, पारंपरिक, नैसर्गिक असे शब्द नावातच घातले आणि त्यातून दिशाभूल होण्यासारखी असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दर्शवत नाही’ अशा अर्थाची सूचना किमान 3 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. नाव ‘अस्सल’ आणि खाली ही सूचना, असं वाचून गिऱ्हाईक काय समजेल? तेव्हा हे शब्द नावात नकोतच.

उडुपी स्पेशल म्हटलं की माल उडुपीचा किंवा तिथल्या माणसांनी केलेला वाटतो. आपण मुळशीत वाटतो. गावाच्या नावावर कोणा एकाचा हक्क सहसा मिळतही नाही. तेही बाजूला.

मऊ इडली हे नाव बऱ्याच गटांना पटतं, कारण त्यातून माल लगेच कळतो. पण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार मालाचा प्रकार किंवा गुण नुसताच सांगणारा शब्द कोणालाही सहजी आपला म्हणून नोंदवता येत नाही. इडली मऊ आहे असं कोणीही म्हणू शकतं. म्हणजे उद्या शेजारच्या गटाने ‘मऊ मऊ इडली’ काढली तर आपण काही करू शकणार नाही. दुसरं असं की नावात इडली आली की पुढे अप्प्याचं किंवा आंबोळीचं पीठ काढताना तेच नाव अडचणीचं होतं.

मग माल कसा कळणार? त्याची काळजी नको. पिशवीच्या दर्शनी भागावर ब्रँडच्या नावाबरोबर पदार्थाचं नाव छापणं नियमानेच बंधनकारक आहे. ‘इडली-डोसा पीठ’ हे शब्द तिथे येणारच. त्यामुळे ब्रँडच्या नावाने माल सांगायची गरज नाही. त्याने फक्त लक्षात राहायचं आणि आपलं वेगळेपण राखायचं.

याची दोन चांगली उदाहरणं आहेत. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 1962 साली त्यांच्यातल्याच बायकांकडून नावं मागवली गेली, जिंकणारीला पाच रुपये बक्षीस मिळालं आणि नाव ठरलं लिज्जत. लिज्जत म्हणजे चव. त्यात पापड हा शब्द नाही, पण चवीची आठवण आहे. दुसरं उदाहरण आपल्याच मालाचं. 2005 साली बंगळुरूत पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या भावांनी इडली-डोशाचं पीठ विकायला काढलं. नाव ठेवलं आयडी, म्हणजे इडली आणि डोसा यांची इंग्रजी आद्याक्षरं. दोन अक्षरं, कोणत्याही भाषेच्या माणसाला म्हणता येतील अशी, आणि पुढे त्याच नावाने पराठेही विकता आले.

आता यादीत उरली दोन नावं. ‘साडेसात’ सुचलं ते बसच्या वेळेवरून. कल्पना चांगली आहे, पण फोनवर दोन वेळा म्हणून बघा. मराठी माणसाला पुढे ‘साडेसाती’ ऐकू येणारच.

‘भूपाळी’ म्हणजे पहाटेचं गाणं. पीठ कसं आहे ते हा शब्द सांगत नाही, पण सकाळ सुचवतो, आणि गिऱ्हाईक पिशवी घेतं ती सकाळसाठीच. दक्षिणेकडच्या संगीतातही पहाटेचा ‘भूपाळम्’ राग आहे, म्हणजे तमिळ-तेलुगू घरांनाही शब्द परका नाही. एक दोष आहे: हिंदी माणूस ‘ळ’ म्हणणार नाही, ‘भूपाली’ म्हणेल. पण हिंदुस्तानी संगीतात त्या नावाचा राग आहे, त्यामुळे शब्द अनोळखी वाटत नाही. हे नाव मी फक्त उदाहरणासाठी घेते आहे. ते कोणी आधीच घेतलं असेल तर तेही सोडावं लागेल.

ते तपासायचं असं. आधी आपल्या बाहेरच्या दहा जणींना फोन करा. नाव एकदाच सांगा आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. सात-आठ जणींचं लिखाण एकसारखं आलं तर नाव चालेल. प्रत्येकीचं वेगळं आलं तर गिऱ्हाइकाला तुमचं नाव शोधूनही सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायकांना विचारा, काल कोणतं नाव सांगितलं होतं? निम्म्या जणींनाही आठवत नसेल तर दुसरं नाव शोधा.

मग ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध घ्या. तो फुकट असतो. वर्ग 30 निवडा. धान्याचे पदार्थ, पिठं, मसाले, चहा याच वर्गात येतात. आधी Wordmark मध्ये नाव टाका, मग Phonetic मध्ये, कारण ऐकायला सारखं असणारं नावही अडवू शकतं. लिखाण बदलून बघा: Bhupali, Bhoopali, Bupali. त्याच वर्गात तसंच नाव कोणाचं चालू असेल तर वाद न घालता पुढच्या नावाकडे वळा. शोधात काही निघालं नाही, तरी त्या भागातल्या दुकानांत आणि ऑर्डरच्या ॲपवर पाहा. नोंदणी न करताही कोणी ते नाव आधीपासून वापरत असेल, तर त्याचा हक्क आपल्या आधीचा ठरू शकतो. याच कारणाने आपणही पहिल्या दिवसापासूनची नाव छापलेली बिलं तारखेसह जपून ठेवायची.

नोंदणीचा अर्ज ऑनलाइन केला तर एका वर्गाची सरकारी फी व्यक्तीला आणि लघुउद्योगाला 4500 रुपये आहे. बाकीच्यांना ती 9000 रुपये पडते. लघुउद्योग म्हणून सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र काढून ठेवा. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण होतं. अर्ज केल्यावर नावाशेजारी TM लिहिता येतं. गोलातला R मात्र नोंदणी झाल्यावरच छापायचा, आधी छापणं गुन्हा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जदार म्हणून कोणाचं नाव लिहायचं? अर्जावर जिचं नाव, ती कायद्याने नावाची मालकीण. दहा जणींनी पाच वर्षं पीठ वाटलं, अर्ज सोयीसाठी एकीच्या नावाने केला, आणि ती गट सोडून गेली किंवा तिच्या घरच्यांनी हक्क सांगितला, तर नाव तिच्याबरोबर जातं. बचत गट बहुधा बँकेत खातं असलेला, पण कायद्याने नोंदणी नसलेला असतो. म्हणून आधी नोंदणीकृत भागीदारी, उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था करता येते का ते पाहा आणि तिच्या नावाने अर्ज भरा. ते जमत नसेल आणि एकीच्याच नावाने करावा लागला, तर अर्जाच्या आधी वकिलाकडून लेखी करार करून घ्या: नाव गटाचं आहे, संस्था झाली की ते तिच्या नावावर करून दिलं जाईल. ठरावाच्या वहीत सगळ्या जणींच्या सह्या घ्या.

छापखान्यात जाण्याआधी एवढं सगळं हातात हवं: फोनवर टिकलेलं नाव, वर्ग 30 मधला मोकळा शोध, मालकीचा ठराव, आणि पिशवीवर छापायचा 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक. पहिल्यांदा हजार पिशव्या छापू नका. साध्या पिशवीवर पाणी लागून न सुटणारे दोन-तीनशे स्टिकर लावून महिनाभर विका. फ्रिजमधून काढलेल्या पिशवीवर दव धरतं, साधा कागद गळून पडतो. महिन्यानंतर ऑर्डरचे मेसेज वाचा. ‘ते पीठ पाठवा’ असं न लिहिता ‘दोन भूपाळी पाठवा’ असं लिहून येऊ लागलं, की पिशव्या छापायला टाका.