३१ मार्चचं भाडं आणि न आलेलं वीजबिल

साताऱ्यासारख्या शहरातल्या एका छोट्या बेकरीचं उदाहरण घेऊ. मालकाने १ जानेवारीला नव्या गाळ्यात दुकान हलवलं. महिन्याचं भाडं १८,००० रुपये, आणि गाळामालकाची अट अशी की सहा महिन्यांचं भाडं एकरकमी आगाऊ द्यायचं. त्याच दिवशी १,०८,००० रुपयांचा चेक गेला आणि हिशेबनिसाने ती सगळी रक्कम दुकानभाड्याच्या खात्यावर नावे टाकली. त्या दिवसापुरती ही नोंद बरोबरच होती.

अडचण येते ती ३१ मार्चला. तोवर बेकरीने गाळा वापरला आहे तीन महिने: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. उरलेल्या तीन महिन्यांचे ५४,००० रुपये देऊन झालेले असले, तरी त्यांचा वापर व्हायचा आहे. एप्रिल ते जूनमध्ये जो पाव विकला जाईल त्याची विक्री पुढच्या वर्षात धरली जाणार, मग त्या महिन्यांचं भाडं या वर्षाच्या नफ्यातून का वजा करायचं? म्हणून वर्षअखेरीला एक समायोजन नोंद करावी लागते. पूर्वदत्त भाडे खाते ५४,००० रुपयांनी नावे, आणि दुकानभाडे खाते तेवढ्याच रकमेने जमा. नफातोटा पत्रकात भाडं राहतं ५४,०००. उरलेले ५४,००० ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जातात, कारण तीन महिने गाळा वापरण्याचा हक्क अजून बेकरीच्या हातात आहे.

इथे एक घोटाळा हमखास होतो. गाळा घेताना भाड्याशिवाय अनामतही दिलेली असते, आणि दोन्ही रकमा एकाच दिवशी, कधी तर एकाच चेकने जातात. अनामत दर महिन्याला संपत नाही, गाळा सोडताना ती परत मिळते. त्यामुळे तिचं खातं वेगळं हवं. ती भाड्यात मिसळली, तर ३१ मार्चला किती महिने उरले हे मोजूनही आकडा चुकतो. भाडेकरार समोर ठेवून कोणती रक्कम कशासाठी दिली हे पाहिलं की शंका मिटते.

विजेची गोष्ट नेमकी उलटी. इथे वापर आधी होतो, पैसे नंतर जातात. समजा, बेकरीच्या मीटरचं रीडिंग दर महिन्याच्या ११ तारखेला होतं. १२ फेब्रुवारी ते ११ मार्चचं ९,६०० रुपयांचं बिल मार्चच्या मध्यावर हातात आलं, पण भरण्याची मुदत एप्रिलमधली असल्याने ते ३१ मार्चला तसंच फाइलमध्ये होतं. एवढं बिल बहुतेकांच्या लक्षात राहतं, कारण कागद समोर असतो.

निसटतं ते त्यानंतरचं. १२ मार्चपासून ३१ मार्चपर्यंत ओव्हन आणि फ्रीज वीस दिवस चालू होते, आणि त्या विजेचं बिल अजून छापलेलंसुद्धा नाही. कागद नाही म्हणून खर्च नाही, असं मात्र होत नाही. वीज वापरली त्या क्षणी देणं तयार झालं.

मग रक्कम कुठून आणायची? वर्षाचे हिशेब प्रत्यक्षात मे-जूनमध्ये पूर्ण होतात, आणि तोवर एप्रिलचं बिल आलेलं असतं. आपल्या बेकरीचं १२ मार्च ते ११ एप्रिल या ३१ दिवसांचं बिल १०,८५० रुपयांचं आलं, म्हणजे दिवसाला ३५०. त्यातले मार्चचे वीस दिवस धरले की ७,००० रुपये होतात. हिशेब लवकर पुरा करायचा असेल किंवा काम दिवसागणिक कमीजास्त होत असेल, तर ३१ मार्चला दुकान बंद करताना मीटरचा फोटो काढून ठेवावा. त्या आकड्यातून मागचं रीडिंग वजा केलं की वापरलेली युनिट मिळतात, आणि मागच्या बिलावरून त्यांची किंमत काढता येते. अंदाजात शे-दोनशे रुपयांचा फरक पडला तर तो पुढच्या वर्षाच्या वीजखर्चात आपोआप सामावतो. त्यासाठी बंद केलेलं वर्ष पुन्हा उघडायची गरज नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. मार्चमध्ये आलेलं बिल वेळेत भरलं गेलं नाही, तर एप्रिलच्या बिलात ते थकबाकी म्हणून पुन्हा दिसतं. बिलाच्या तळाची एकूण रक्कम उचलून तिचे दिवस पाडले तर ९,६०० रुपये दोनदा मोजले जातात. घ्यायची ती फक्त चालू महिन्याची रक्कम.

तर नोंद अशी: वीजखर्च खाते १६,६०० रुपयांनी नावे, अदत्त वीजबिल खाते १६,६०० रुपयांनी जमा. पहिलं नफातोटा पत्रकात जातं, दुसरं ताळेबंदात देण्याच्या बाजूला. या दोन समायोजनांआधी बेकरीचा नफा ४,००,००० रुपये दिसत असेल, तर भाड्याने तो ५४,००० वाढतो, विजेने १६,६०० घटतो आणि ४,३७,४०० वर येतो. तिजोरीतला एक रुपयाही हललेला नाही, पण बँकेत कर्जासाठी जाणाऱ्या कागदावरचं चित्र बदललं.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि खरा घोळ त्यानंतर होतो. या दोन्ही नोंदींना दुसरी बाजू आहे, ती १ एप्रिलची. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या उलट्या कराव्या लागतात: भाडे खाते ५४,००० नावे आणि पूर्वदत्त भाडे जमा; अदत्त वीजबिल १६,६०० नावे आणि वीजखर्च जमा. एप्रिलमध्ये दोन्ही बिलांचे मिळून २०,४५० रुपये भरले जातात आणि ते नेहमीप्रमाणे वीजखर्चात पडतात. आधीच जमा असलेले १६,६०० वजा जाता नव्या वर्षाच्या वाट्याला येतात ३,८५० रुपये. एप्रिलचे अकरा दिवस गुणिले ३५० केले तर हाच आकडा मिळतो.

उलट नोंद राहून गेली तर विजेचे तेच १६,६०० नव्या वर्षात पुन्हा खर्च होतात आणि नफा तेवढा कमी दिसतो. भाड्याचं याच्या विरुद्ध होतं: नव्या वर्षाला तीन महिने गाळा फुकट मिळाल्यासारखा नफा फुगतो आणि ताळेबंदात वापरून संपलेली मालमत्ता पडून राहते. अनेक दुकानांच्या तेरीज पत्रकात वर्षानुवर्षं एकाच रकमेचं ‘अदत्त वीजबिल’ दिसतं, ते बहुधा यामुळेच.

ही चूक पकडायला ऑडिटरची वाट पाहावी लागत नाही. जूनअखेरीस तेरीज पत्रक काढून पाहावं. पूर्वदत्त भाडे आणि अदत्त वीजबिल ही दोन्ही खाती तेव्हा शून्य असायला हवीत. आणि पुढच्या ३१ मार्चला, समायोजन झाल्यावर, भाडे खात्यातल्या रकमेला १८,००० ने भागून पाहावं. बेकरीने जुलैत आणि जानेवारीत पुन्हा १,०८,००० रुपये दिले असतील. त्या दोन रकमांत मागून आलेले ५४,००० मिळवले आणि पुढे न्यायचे ५४,००० वजा केले की २,१६,००० उरतात, म्हणजे बरोबर बारा महिने. उत्तर नऊ किंवा पंधरा आलं, तर सगळ्यात आधी १ एप्रिलच्या नोंदी तपासायच्या.