ब्राह्मी नक्की कोणती? झाडांची आडनावं आणि नावं

आजचा विषय आहे झाडांच्या आणि प्राण्यांच्या नावांचा. पुस्तकात, औषधाच्या डबीवर, रोपवाटिकेच्या पाटीवर आपल्या ओळखीच्या नावाशेजारी एक अवघड, दोन शब्दांचं नाव लिहिलेलं असतं. आपण ते वाचायचं सोडून पुढे जातो. पण वनौषधी गोळा करून विकणाऱ्या, तेल-चूर्ण करणाऱ्या गटाचा माल कधी कधी त्या दोन शब्दांवरच अडतो.

आपण एकच उदाहरण घेऊ, ब्राह्मीचं.

समजा, तुमच्या गटाकडे मागणी आली, "पाच किलो सुकी ब्राह्मी हवी." तुम्ही ओढ्याकाठी गेलात, बायकांनी दोन दिवस खपून गोल गोल पानांची वेल खुडली, धुतली, सावलीत सुकवली आणि पाठवली. आठ दिवसांनी पोतं परत. का, तर ही ब्राह्मी नाही म्हणे. तुमच्या आजीपासून सगळ्या जिला ब्राह्मी म्हणत आल्या, तीच तर तुम्ही पाठवली होती. मग खोटं कोण बोललं? कोणीच नाही. ब्राह्मी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती दोन आहेत.

पहिली आपल्याकडे बऱ्याच भागांत ओळखीची आहे. जमिनीवर पसरते, दोऱ्यासारख्या खोडाला पेराशी मुळं फुटतात आणि तिथूनच लांब देठाची पानं वर येतात. पान गोलसर, देठाशी खाच असलेलं, कडेला बारीक दाते. फुलं इतकी बारीक की पानाखाली दडलेली दिसतही नाहीत. हिला संस्कृतात मंडूकपर्णी म्हणतात. मंडूक म्हणजे बेडूक. मराठीत हिला कारिवणा असंही नाव आहे.

दुसरी जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. हीसुद्धा ओलीतच, पाणथळ जागी पसरते, म्हणून घोटाळा वाढतो. पण हिचं पान लहान, जाडसर, चमच्याच्या आकाराचं. पानाला देठ जवळजवळ नसतोच, आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं, पाच पाकळ्यांचं, पानाच्या बगलेतून वर आलेलं, सहज दिसणारं. चव चांगलीच कडू.

दोघी शेजारी ठेवल्या तर लहान मुलगीसुद्धा वेगळ्या ओळखेल. सुकवून चुरा झाल्यावर मात्र भल्याभल्यांना कळत नाही. आणि फरक नुसता दिसण्याचा नाही. दोघींतली मुख्य द्रव्यं वेगळी आहेत. प्रयोगशाळेत नीरब्राह्मीत बॅकोसाइड शोधतात आणि मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड. भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात ब्राह्मी या नावाखाली नीरब्राह्मी दिली आहे आणि मंडूकपर्णी वेगळी नोंदवली आहे. औषध करणारा त्या कोशाप्रमाणे माल मागतो, आपण आपल्या गावच्या नावाप्रमाणे देतो. पोतं परत येतं ते इथे.

उलटाही घोळ असतो. एकाच झाडाला दहा नावं. जिला आपण ब्राह्मी किंवा कारिवणा म्हणतो, तिला बंगालात थानकुनी, कर्नाटकात ओंदेलगा आणि तमिळनाडूत वल्लारै म्हणतात. गावच्या नावात चूक काही नाही. लोक झाडाला नाव देतात ते त्याचं रूप, वास, गुण, उपयोग पाहून. दोन झाडं एकाच कामाला येत असतील, तर दोघींना एकच नाव पडतं. डोकं शांत ठेवायला, बुद्धीला म्हणून दोन्ही वनस्पती वापरल्या गेल्या, म्हणून दोन्ही ब्राह्मी झाल्या. हे नाव आपल्या पंचक्रोशीत पुरतं. माल पंचक्रोशीबाहेर निघाला की पुरत नाही.

त्यासाठीच ते दोन शब्दांचं शास्त्रीय नाव. मंडूकपर्णीचं नाव सेंटेला एशियाटिका. नीरब्राह्मीचं नाव बकोपा मोनिएरी. ही नावं बंगालात, तमिळनाडूत आणि परदेशातही हीच.

आता हे दोन शब्द काय सांगतात ते पाहू. मतदार यादीत आपलं आडनाव आधी आणि नाव नंतर असतं ना, तसंच हे आहे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव. दुसरा शब्द जातीचा, म्हणजे त्या घरातल्या एकीचं नाव. आपल्याकडे पुष्कळ गावांत बिबट्यालाही वाघच म्हणतात. शास्त्रात पट्टेरी वाघ पँथेरा टायग्रिस आणि बिबट्या पँथेरा पार्डस. आडनाव एक, म्हणजे जवळचे भाऊबंद. दुसरा शब्द वेगळा, म्हणजे जनावर वेगळं. ब्राह्मीच्या दोन्ही वनस्पतींची तर आडनावंच वेगळी आहेत. त्या एका घराण्यातल्याही नाहीत.

ही दोन शब्दांची रीत स्वीडनच्या कार्ल लिनियसनं रूढ केली. त्याच्या आधी विद्वान लोक एकेका झाडाचं नाव म्हणून लॅटिनमध्ये अख्खं वर्णनच लिहीत. झाडांच्या नावांसाठी त्याचा 1753 सालचा ग्रंथ आणि प्राण्यांसाठी 1758 सालची आवृत्ती ही सुरुवात मानली जाते.

नाव ठरवतात कसं? एखाद्या अभ्यासकाला नवीन वाटणारं झाड सापडलं, की आधी ते माहीत असलेल्या झाडांशी ताडून पाहावं लागतं. त्याची फुलं, फळं, बी कुठल्या घराण्याशी जुळतात, त्यावरून आडनाव ठरतं. हे मनाला येईल तसं ठेवता येत नाही, कारण आडनाव म्हणजे नात्याचा दावा. दुसरा शब्द मात्र नाव देणाऱ्याला निवडता येतो. मुख्य अट अशी, की त्या घराण्यात ते नाव आधी कुणाला दिलेलं नसावं. मग झाडाचं वर्णन छापून प्रसिद्ध करायचं आणि त्याचा सुकवलेला एक नमुना संग्रहात ठेवायचा. पुढे कधी वाद झाला, तर तो नमुना काढून पाहतात.

दुसरा शब्द कशावरून निवडतात, ते आपल्या ओळखीच्या झाडांवरूनच कळेल. कधी गावावरून, म्हणजे देशावरून. एशियाटिका म्हणजे आशियातली, इंडिका म्हणजे भारतातली. आंबा मँजिफेरा इंडिका आहे. कधी रूपावरून. गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, म्हणून ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कधी माणसाच्या मानासाठी. बकोपा मोनिएरीतला मोनिएरी हा ल मोनिए नावाच्या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञावरून आला. आणि कधी उपयोगावरून. लसूण अलियम सटायवम, वाटाणा पायसम सटायवम, भात ओरायझा सटायवा. सटायवम, सटायवा म्हणजे पेरून पिकवलेलं. शेवट बदलला तो मराठीत "पांढरा, पांढरी, पांढरं" बदलतं तसा, आडनावाच्या लिंगाप्रमाणे.

म्हणून दुसरा शब्द एकटा कधी वापरायचा नाही. गटात चार सुनीता असतील तर नुसतं सुनीता म्हणून भागत नाही, तसं नुसतं इंडिका म्हणून काहीच कळत नाही. प्राण्यांत दोन्ही शब्द एकसारखे चालतात. आपला नाग नाजा नाजा आहे, आणि त्यात आपला नाग हा शब्दच आहे. झाडांच्या नियमात मात्र असं चालत नाही.

आणखी एक. नावाचा अर्थ म्हणजे पुरावा नव्हे. चिंचेचं नाव टॅमरिंडस इंडिका. टॅमरिंडस हा शब्द अरबी भाषेतून आला, त्याचा अर्थ हिंदचा खजूर, आणि वर पुन्हा इंडिका. प्रत्यक्षात चिंच मूळची आफ्रिकेतली. तरी नाव बदलत नाहीत. अर्थ चुकला म्हणून नाव बदलायचं नाही, असा नियमच आहे. नाहीतर दर पिढीला नवी नावं आणि नवे घोळ.

मग शास्त्रीय नाव कधीच बदलत नाही का? बदलतं, पण कारण वेगळं असतं. आपल्या मंडूकपर्णीचंच पाहा. लिनियसनं 1753 मध्ये तिला हायड्रोकोटाइल एशियाटिका म्हटलं. पुढे बारकाईनं पाहिल्यावर ती त्या घराण्यातली नाही असं ठरलं आणि 1879 मध्ये तिला सेंटेला घराण्यात घातलं. आडनाव बदललं, एशियाटिका कायम राहिलं. सासरी गेलेल्या मुलीचं आडनाव बदलावं आणि नाव तेच राहावं, तसं.

याचा त्रास बाजारात असा होतो, की जुनी नावं लेबलांवर चालूच राहतात. आवळ्याचं आज मानलं जाणारं नाव फायलँथस एम्ब्लिका. पण पुष्कळ डब्यांवर एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस हे दुसरं नाव असतं. दोन्ही आवळाच. त्यामुळे शास्त्रीय नाव वेगळं दिसलं की लगेच झाड वेगळं असं धरू नका. ते त्याच झाडाचं दुसरं नाव आहे का, हे जाणकाराला विचारा.

आता पाच किलोच्या मागणीकडे परत येऊ. मागणी आली की पहिला प्रश्न विचारायचा, "शास्त्रीय नाव काय? आणि पाला हवा की मुळासकट अख्खी वनस्पती?" व्यापारी तोंडी सांगेल, तरी कागदावर किंवा फोनवर लिहून मागायचं आणि गटाच्या वहीत आपल्या गावच्या नावाशेजारी उतरवायचं. रोमन लिपीत आडनावाचं पहिलं अक्षर मोठं आणि दुसऱ्या शब्दाचं लहान असतं. स्पेलिंग अक्षर न अक्षर पाहून उतरवा.

पण वहीत नाव आलं म्हणजे झाड ओळखलं असं नाही. त्यासाठी नमुना हवा. फूल असलेली एक पूर्ण फांदी, शक्य तर मुळासकट, वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर वजन ठेवायचं. पहिले काही दिवस रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी येते. सुकली की जाड कागदावर चिकटवून खाली तारीख, जागा, जमीन कशी होती, फुलाचा रंग आणि गावातलं नाव लिहायचं. फुलाचा रंग सुकल्यावर जातो, म्हणून तो त्याच दिवशी टिपायचा. असा नमुना जवळच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात दाखवता येतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्रही आहे.

त्यांनी नाव सांगितलं की ते कागदावर लिहून तो कागद गटातच ठेवायचा. पुढच्या हंगामात खुडायला जाणाऱ्या नव्या मुलींना आधी तो दाखवायचा. खुडताना दोन्ही ब्राह्मी एका टोपलीत पडल्या, तर सुकल्यावर निवडणं जवळजवळ अशक्य, म्हणून निवड ओल्यातच करायची. आणि पोत्यावर दोन्ही नावं लिहायची, वर आपल्या गावचं आणि खाली शास्त्रीय.

तुमच्या गावात ब्राह्मी कोणत्या झाडाला म्हणतात, गोल पानाच्या की चमच्यासारख्या पानाच्या? पुढच्या बैठकीत दोन्हींची एकेक डहाळी आणून पाहा.