खरं लिहिलं, तरी गुण का गेले?

आठवीच्या पालकांना सप्रेम नमस्कार,

इतिहासाच्या पेपरचे गुण पाहून तुमच्यापैकी काहींनी विचारलं, "सर, दीड पान लिहिलंय, त्यात चूक एकही नाही, मग चारपैकी अर्धाच गुण कसा?" प्रश्न रास्त आहे.

प्रश्न होता : १८५७ चा उठाव अयशस्वी का ठरला? बऱ्याच मुलांनी उत्तर लिहिलं ते उठाव का झाला याचं. काडतुसांची चरबी, डलहौसीने खालसा केलेला सातारा, सगळं खरं. पण ही झाली उठाव पेटण्याची कारणं. तो का विझला, हे त्यातून कळत नाही. मुलांनी 'कारणे' एवढाच शब्द पाठ केलेला असतो, '१८५७' दिसलं की पेन सुटतं. अशा मजकुराला गुण देता येत नाहीत.

मग तो अर्धा गुण कुठला? उत्तराच्या शेवटी एका मुलाने लिहिलं होतं, "इंग्रजांकडे चांगली साधने होती." चार कारणं अपेक्षित होती, प्रत्येकी अर्धा गुण कारण सांगण्याचा, अर्धा ते पटवून देण्याचा. त्याने कारण सांगितलं आणि तिथेच थांबला. कोणती साधनं? उदाहरणार्थ, तारायंत्र. १० मे रोजी मेरठला उठाव झाला, दुसऱ्या दिवशी शिपाई दिल्लीत शिरले, आणि ती खबर तारेने पंजाबात गेली. १३ मे रोजी लाहोरच्या छावणीतल्या हिंदी शिपायांची शस्त्रं इंग्रजांनी काढूनही घेतली. एवढी दोन वाक्यं आली असती, तर अर्ध्याचा एक झाला असता. शिंदे, निजाम यांच्यासारखे संस्थानिक इंग्रजांच्या बाजूने राहिले, दक्षिणेत उठाव फारसा पसरला नाही, सर्वांचं मिळून एक नेतृत्व नव्हतं, हीसुद्धा कारणं होती. ती पाठ्यपुस्तकाच्या त्याच धड्यात आहेत, फक्त दोन पानं पुढे.

शुद्धलेखनाचे गुण मी कापलेले नाहीत. तारीख एखाद्या दिवसाने चुकली तरी सोडून दिली. मात्र क्रम उलटला तिथे कापले. "मंगल पांडे मेरठच्या शिपायांना घेऊन दिल्लीला गेले" असं तीन-चार पेपरांत आहे. मंगल पांडे यांना बराकपूरला ८ एप्रिललाच फाशी झाली होती. मेरठ पेटलं ते महिन्याभराने. असं वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात सनावळी असेल, घटना नाहीत. (याला चित्रपटही थोडे जबाबदार असावेत.)

शनिवारी पेपर मुलांच्या हाती देईन. बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल, तर त्या पानाला खूण करून सोमवारपर्यंत पाठवा. एखाद्या कारणाचा गुण मिळायला हवा होता असं वाटलं, तर ते वाक्य अधोरेखित करा, पुन्हा वाचेन.

आपला,
इतिहास शिक्षक