हर्निया, विमा आणि केसपेपरवरची एक ओळ

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीतील एक लेथ कामगार जांघेतली गाठ दाखवायला आले. उभे राहिले की गाठ दिसे, आडवे झाले की आत जाई. हर्निया होता. ऑपरेशन सांगताच त्यांनी पिशवीतून विम्याचे कागद काढले. "डॉक्टर, कंपनी पैसे देईल ना?"

पॉलिसी जुलै 2023 ची, म्हणजे 22 महिने झालेले. पहिल्या पानावर पाच लाखांचा आकडा ठळक होता. आत बारीक अक्षरांत एक यादी होती: हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध, मोतीबिंदू, पित्ताशयातील खडे. यांच्या ऑपरेशनसाठी 24 महिन्यांचा वेटिंग पीरियड. बहुतेक पॉलिसींत अशी यादी असते. आजार पॉलिसी घेतल्यानंतर झाला, तरी ही मुदत लागू असते. आमच्या गृहस्थांना ते ठाऊकच नव्हते.

गाठ सहज आत जात होती, दुखत नव्हती. म्हणून दोन महिने थांबायला हरकत नव्हती. जड उचलायचे नाही, खोकला अंगावर काढायचा नाही, एवढे सांगितले. मात्र गाठ कडक झाली, आत जाईना, पोट दुखून उलट्या सुरू झाल्या, तर पॉलिसी घरी ठेवून त्याच तासाला इस्पितळ गाठायचे, हेही बजावले. अडकलेले आतडे 24 महिने मोजत नाही.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झाले आणि क्लेम अडकला. दाखल होताना त्यांच्या पत्नीने "तीन वर्षांपासून पोटाचा त्रास आहे" असे सांगितले होते. तो त्रास गॅसचा; पण केसपेपरवर ओळ पडली, 'हर्निया, तीन वर्षांपासून'. म्हणजे पॉलिसीच्या आधीपासूनचा! अशा आजाराला वेगळी मुदत असते. विमा नियामकाने 2024 मध्ये ती जास्तीत जास्त 36 महिने ठरवली, तरी आमच्या रुग्णाचे 25 च महिने भरले होते.

पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले किंवा ज्यावर सल्ला वा उपचार दिला तो. माझ्या नोंदवहीत हर्नियाची पहिली नोंद मे 2025 ची होती. तिची प्रत आणि सर्जनचे खुलासापत्र गेल्यावर पैसे मिळाले. "तारीख जरा पुढची टाका" म्हणणारेही माझ्याकडे येतात. तसे मी लिहीत नाही, आणि लिहिले तरी केमिस्टची आणि लॅबची बिले खरी तारीख सांगतातच.

दाखल होताना 'कधीपासून' या प्रश्नाचे उत्तर शांतपणे, आजारानुसार द्यावे, आणि काय लिहिले ते डिस्चार्जपूर्वी वाचून घ्यावे. क्लेम नाकारलाच, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागावे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.