रक्त आटतं तेव्हाच गोठतंही

समजा, सहा वर्षांची, बारा किलोची एक कॉकर स्पॅनियल आहे. दोन दिवस तिने खाण्याला तोंड लावलेलं नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी गडद तपकिरी. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, अवघं १६ टक्के. निरोगी कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ असतं. जखम कुठेच नाही, मग रक्त गेलं कुठे?

तिच्याच शरीराने ते फस्त केलं. प्रतिकारशक्तीची प्रतिपिंडं आपल्याच तांबड्या पेशींना परकं समजून चिकटतात आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. काही पेशींचा नुसता लचका तोडला जातो. त्या सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, गडद दिसतात. या आजाराला इम्यून-मेडिएटेड हिमोलिटिक अ‍ॅनिमिया म्हणतात.

पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं हुडकणारी डायरेक्ट अँटीग्लोब्युलिन टेस्ट कूम्ब्स टेस्ट म्हणूनच जास्त ओळखली जाते. ती १९४५ साली केंब्रिजमध्ये माणसांच्या रक्तासाठी विकसित झाली. गंमत म्हणजे रॉबिन कूम्ब्स यांचं शिक्षण पशुवैद्यकाचं! धुतलेल्या पेशींत कुत्र्याच्या प्रतिपिंडांना पकडणारं द्रव्य मिसळायचं. पेशी एकमेकींना चिकटून पुंजके झाले, तर चाचणी पॉझिटिव्ह. मात्र धुतल्यावरही पेशी आपणहून चिकटत असतील, तर या चाचणीतून वेगळं काही कळत नाही. ते चिकटणं हाच पुरावा. निगेटिव्ह उत्तराने आजार नाकारता येत नाही, आणि पॉझिटिव्ह उत्तर कारण सांगत नाही. आपल्याकडे गोचिडांतून येणारा बबेसियाही हे सगळं घडवू शकतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नये.

खरा दगाफटका पुढेच आहे. सगळ्यांचं लक्ष पीसीव्हीकडे असतं. पण यातल्या कितीतरी कुत्र्यांचा जीव फुफ्फुसातल्या गुठळीने जातो, तोही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. फुटलेल्या पेशी आणि भडकलेला दाह रक्ताला गोठायला उद्युक्त करतात. चढत्या पीसीव्हीच्या कुत्रीला अचानक धाप लागली, तर आधी गुठळीचा संशय घ्यावा. म्हणून निदानाबरोबरच क्लोपिडोग्रेल किंवा हिपॅरिनसारखं औषध सुरू करतात. प्लेटलेट फारच कमी असतील, तर मात्र रक्तस्रावाची भीती असल्याने थांबावं लागतं.

प्रतिकारशक्तीला आवरायला प्रेडनिसोलोन, रोज किलोमागे दोन मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या कॉकरला २४ मिलिग्रॅम. आजार तीव्र असेल किंवा स्टेरॉइड पुरेसं पडत नसेल, तर मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन किंवा अझाथायोप्रिन यांपैकी एकाची जोड देतात. तीन-तीन औषधांचा मारा केला, तर जंतुसंसर्गाला दार उघडं होतं. पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे टिकला, की डोस पाव हिश्श्याने उतरवायचा: २४ वरून १८. पुढची पायरी साधारण तीन आठवड्यांनी, तीही पुन्हा रक्त तपासूनच. असे चार ते सहा महिने सहज जातात. कुत्री तरतरीत दिसली म्हणून घरच्यांनी मध्येच गोळ्या बंद केल्या, की पीसीव्ही पुन्हा घसरू शकतो, आणि गुठळीचा धोकाही परततो.